दिवंगत आईची आठवण लग्नात: रिकामी खुर्ची की दोन वाक्यं?

माझ्या मावसबहिणीचं लग्न मावशी गेल्यावर सात महिन्यांनी झालं. पहिल्या रांगेत आईची खुर्ची फुलं ठेवून रिकामी सोडायची, असं तिच्या मनात होतं. भाऊ म्हणत होता, आईचं नाव घेऊन कुणीतरी दोन शब्द बोलावेत.

खुर्चीचा मोठा गुण म्हणजे कुणाला बोलावं लागत नाही, त्यामुळे कुणाचा आवाज दाटून येत नाही. पण ती खुर्ची समारंभ संपेपर्यंत समोर राहते. बहिणीची नजर पुन्हा पुन्हा तिथेच गेली असती, आणि काकांना तासभर तिच्याच शेजारी बसावं लागलं असतं. बाबांना विचारलंस का, एवढंच मी तिला म्हणाले. काकांनी मान हलवून नको म्हटलं आणि प्रश्न मिटला. आई-वडिलांपैकी जे मागे राहिले आहेत त्यांनी दुसरं लग्न केलं असेल, तर खुर्ची आणखी अवघड होते. नव्या जोडीदाराने कुठे बसायचं हे कुणालाच कळत नाही.

शब्दांना वीस-पंचवीस सेकंद लागतात आणि तो क्षण पुढे सरकतो. मात्र ते स्वागतानंतर लगेच म्हणावेत. शपथा घेण्याच्या तोंडावर म्हटले, तर जिला बोलायचं आहे तिचाच गळा भरून येतो. वाचणारी व्यक्ती मुलांपैकी नसावी, जोडीदार गमावलेलीही नसावी. आमच्याकडे मावशीच्या मैत्रिणीने कागदावरून वाचलं:

«आज या आनंदात वधूची आई आपल्यासोबत नाही. तिच्या हसण्याची, तिच्या हट्टाची आठवण इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे. दहा सेकंद शांत राहून तिला आठवू या. त्यानंतर संगीत सुरू होईल.»

«आई»च्या आधी तिचं नाव घ्यायचं. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर मान कधी वर करायची हे लोकांना समजत नाही.

वर्ष उलटलं नसेल, तर मी शब्दच निवडेन, आणि आईची अंगठी किंवा रुमाल गुपचूप जवळ ठेवायला सांगेन. बरीच वर्षं झाली असतील, जोडपं अबोल असेल, तर खुर्ची जास्त शोभते. फक्त फोटोग्राफरला आधी सांगा, आणि खुर्चीवर काहीतरी ठेवा, नाहीतर उशिरा आलेला पाहुणा तिथे बसतो.

जोडप्याला संदेश द्यायचा असेल, तर लग्नाच्या सकाळी नको, आदल्या दिवशी किंवा नंतर द्या. «ती वरून पाहत असेल» हे त्यांची तशी श्रद्धा असेल तरच लिहा. एक खरी आठवण पुरते. मी लिहिलं होतं:

«तुम्हा दोघांना खूप प्रेम. तुम्ही पहिल्यांदा एकत्र घरी आलात त्या संध्याकाळी मावशीने मला फोन करून सांगितलं होतं, ‹पोरगा ऐकून घेतो गं.› हे तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटलं. उत्तर द्यायची घाई नको.»