ग्रे कार्ड की आजोबांची परीटघडीची टोपी? पोर्ट्रेटचा व्हाइट बॅलन्स कशावरून धरायचा

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका घरी आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो काढायला गेलो होतो. जुनं घर, सोप्याला एकच मोठी खिडकी, दुपारी चारचा उजेड. ट्यूबलाइट बंद करून घेतली आणि आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. कडक खळ दिलेलं धोतर, सदरा आणि टोपी. सोबत शिकायला आलेला पोरगा म्हणाला, "दादा, एवढी पांढरीशुभ्र टोपी समोर हाय, मग कार्ड कशाला काढताय?"

प्रश्न बरोबर होता. व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाचा रंग फोटोतून काढून पांढरं ते पांढरंच दिसेल असं करणं, आणि त्यासाठी स्वतःचा रंग नसलेली एखादी वस्तू लागते. पांढरी वस्तू फुकट मिळते आणि तटस्थ करड्या रंगाच्या ग्रे कार्डला पैसे पडतात. म्हणून त्या दिवशी दोन्ही करून बघितलं. एका फोटोत आजोबांनी कार्ड हनुवटीखाली धरलं, बाकीचे फोटो नेहमीसारखे, सगळे रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर घरी बदलता येतील अशा फाइलमध्ये.

घरी लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये `W` दाबून व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेतला आणि आधी टोपीवर क्लिक केलं. `Temp` साधारण ५९०० वर गेलं; हा आकडा वाढवला की फोटो पिवळ्याकडे जातो, कमी केला की निळ्याकडे. टोपी छान पांढरी झाली, पण आजोबांचा गव्हाळ चेहरा हळद लागल्यासारखा पिवळट दिसायला लागला. मग काही न बदलता ड्रॉपर नुसता कार्डावर नेऊन आकडे वाचले: लाल ४८, हिरवा ४७, निळा ४४. तिन्ही सारखे असायला हवे होते. निळा कमी पडला, म्हणजेच फोटो पिवळ्याकडे झुकला. कार्डावर क्लिक केल्यावर `Temp` ५२५० च्या आसपास आलं आणि चेहरा जागेवर आला. टोपी मात्र किंचित निळसर दिसू लागली.

आणि ती खरंच निळसर होती! आजी कपड्यांना नीळ देतात. शिवाय आजकालच्या साबण पावडरीत पांढरेपणा वाढवणारी चमकद्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्यांच्या बदल्यात निळा उजेड बाहेर टाकतात. आपल्याला कपडा 'शुभ्र' वाटतो तो त्यामुळेच. सॉफ्टवेअरला सांगितलं की हे पांढरं आहे, की ते निळा रंग काढून घेतं, आणि तो चेहऱ्यावरूनही जातो.

प्रिंटरच्या कागदाचंही तेच, आणि कागद जास्त फसवा. नीळ कुठल्याही उजेडात निळीच असते, पण कागदातलं चमकद्रव्य अतिनील किरण मिळाले तरच काम करतं. घरातल्या एलईडी बल्बच्या उजेडात ते किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रात्री घरी तपासलेला कागद ठीक निघतो. तोच कागद दुसऱ्या दिवशी रंकाळ्याच्या कट्ट्यावर सावलीत धरला की फोटो पिवळा. दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

पांढऱ्याची दुसरी अडचण एक्स्पोजरची. चेहरा नीट उजळ घेतला की खिडकीकडची टोपीची बाजू बहुतेक वेळा जळून जाते. तिथे तीनपैकी एखादा रंग मर्यादेला टेकलेला असतो, म्हणून तिथल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. कधी प्रोग्रॅमच सांगतो की जागा फार उजळ आहे, दुसरीकडे क्लिक करा. पण अर्धवट जळालेल्या ठिकाणी तो काही बोलत नाही आणि चुकीचा रंग देऊन मोकळा होतो. पांढऱ्यावरच विसंबायचं असेल तर चाचणीचा फोटो एक स्टॉप कमी एक्स्पोजरने काढा आणि टोपीच्या थोड्या सावलीतल्या भागावर क्लिक करा. ग्रे कार्ड पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्केच परत पाठवतं, त्यामुळे चेहरा नीट आला की तेही सुरक्षित असतं. व्हाइट बॅलन्ससाठी मात्र त्या १८ आकड्याला महत्त्व नाही. रंग खरोखर तटस्थ आहे की नाही, एवढंच बघायचं. स्वस्तात मिळणारी काही छापील कार्डं तटस्थ नसतात, हेही अनुभवलंय.

म्हणजे पांढरं बाद? नाही. चमकद्रव्य आणि नीळ नसलेलं पांढरं चालतंच, आणि ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. दृश्य प्रकाशातले सगळे रंग ती जवळपास सारखेच परावर्तित करते. प्रयोगशाळेत पांढऱ्याचं प्रमाण म्हणून वापरतात ते पदार्थही याच कुळातले. एक थर अर्धपारदर्शक असतो, म्हणून पुठ्ठ्यावर आठ-दहा थर गुंडाळा. टीव्हीच्या खोक्यातला स्वच्छ थर्माकोलही बरा, जुना पिवळा पडलेला नको. खात्री करायची तर गुजरीतल्या सराफाकडे किंवा कुठल्याही मोठ्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली धरा. कागद आणि टोपी निळ्या पेटतात, टेफ्लॉन टेप शांत राहते. सराफाने विचित्र नजरेने बघितलं तरी हरकत नाही.

कार्ड असो वा टेप, धरायची जागा चुकली तर दोन्ही सारखीच फसवतात. हे मी तालमीत शिकलो. वस्तादांचा फोटो आखाड्यात काढताना त्यांनी कार्ड जरा खाली झुकवून धरलं होतं. त्यावर खिडकीपेक्षा तांबड्या मातीवरून उसळलेला उजेडच जास्त पडला. सॉफ्टवेअरने तो लाल रंग काढून टाकला आणि वस्ताद आजारी माणसासारखे निळे-हिरवट दिसले. कार्ड चेहऱ्याजवळ, चेहऱ्यावर येणाऱ्या मुख्य उजेडाकडे वळलेलं हवं आणि त्यावर चकाकी नको. एका बाजूला खिडकी आणि दुसरीकडे पिवळा बल्ब असेल तर कुठलंही कार्ड दोन्ही गाल एकदम सरळ करू शकत नाही. बल्ब बंद करा, नाहीतर कुठला गाल महत्त्वाचा ते ठरवा.

आता निवड. तुम्ही जेपीईजी काढून लगेच देत असाल तर कॅमेऱ्यातच व्हाइट बॅलन्स बसवायला हवा. कॅननमध्ये कार्डाने मधला भाग भरून फोटो घ्यायचा, `Custom White Balance` मध्ये तो निवडायचा आणि मग कॅमेरा कस्टमवर ठेवायचा. निकॉनमध्ये हेच काम `PRE` करतं. इथे टेफ्लॉनचा पुठ्ठा आणि कार्ड यांत फारसा फरक पडत नाही, कारण पांढऱ्याने चौकट भरली की ऑटो एक्स्पोजर त्याला करड्याइतकं खाली आणतं आणि जळायची भीती राहत नाही. महिन्यातून एखादाच फोटो काढणाऱ्याने टेपच घ्यावी.

रॉमध्ये काम करणाऱ्याला, विशेषतः पैसे घेऊन लोकांचे चेहरे काढणाऱ्याला, मी ग्रे कार्डच सांगेन. उजेड बदलला की कार्डाचा एक फोटो घ्यायचा आणि घरी त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना `Sync` ने फक्त व्हाइट बॅलन्स द्यायचा. एक्स्पोजरची चिंता नाही, हाच त्याचा खरा फायदा. टोपी, धोतर, लग्नातला पांढरा सदरा हे फक्त कार्ड विसरलात तेव्हा, आणि तेव्हाही क्लिक केल्यावर `Temp` दोन-चारशेने खाली आणून चेहरा बघायचा.

आजोबांचे फोटो दिले तेव्हा कार्डाच्या आकड्यावरून `Temp` १५० ने वर घेतलं होतं, थोडी ऊब हवी म्हणून. आजींनी फोटो बघून पहिली तक्रार केली ती टोपीची: "नीळ जरा जास्तच झाली वाटतं."