केटररला पाठवलेले पत्र : सात महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत फोंडा तालुक्यातील एका सभागृहात माझ्या मुलीचे लग्न झाले. सकाळचा चहा-नाश्ता दीडशे जणांसाठी 80 रुपये दराने आणि दुपारचे जेवण साडेतीनशे पानांसाठी 400 रुपये दराने, असे मिळून 1,52,000 रुपये ठरले होते आणि त्यापैकी 50,000 रुपये मी केटररच्या खात्यात आगाऊ भरले होते. नाश्ता वेळेवर आला. जेवण मात्र आलेच नाही. 12 वाजून 10 मिनिटांनी त्याचा व्हॉट्सॲपवर संदेश आला, ‘गाडी वाटेत आहे, अर्ध्या तासात पोचतो.’ सव्वा वाजता फोन बंद झाला. खतखते, सोलकढी आणि मणगण्याची वाट पाहत व्याही मंडळी रिकाम्या टेबलांसमोर बसली होती. माझ्या भावाने त्या टेबलांची छायाचित्रे त्याच वेळी काढून ठेवली आणि पुढे पत्राला तीच सर्वांत उपयोगी पडली.

आम्ही फोंड्यातील दोन खानावळींतून मिळेल ते जेवण आणि तातडीने वाढपी आणले. त्यासाठी 1,68,000 रुपये आणि टेम्पोभाड्याचे 3,500 रुपये गेले.

चार दिवसांनी रागाच्या भरात लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात मी आगाऊ दिलेले 50,000 आणि पर्यायी जेवणाचे संपूर्ण 1,68,000 रुपये मागितले होते. वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचून एकच प्रश्न विचारला : ‘मामा, हे सगळे मिळाले तर पाहुणे फुकट जेवले, असे होणार नाही का?’ त्याचे म्हणणे बरोबर होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार भरपाई करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची मिळते. करार पाळला गेला असता तरी जो खर्च आपण केलाच असता, तो नुकसानीत धरता येत नाही.

म्हणून हिशेब नव्याने मांडला. आगाऊ रकमेतून मिळालेल्या नाश्त्याचे 12,000 रुपये वजा केले, तेव्हा 38,000 उरले. पर्यायी जेवण आणि ठरलेले 1,40,000 यांतील फरक 28,000 आला. त्यात टेम्पोचे 3,500 मिळवून एकूण 69,500 रुपये झाले. ताळा असा : माझ्या खिशातून 2,21,500 गेले आणि ठरल्याप्रमाणे 1,52,000 जायचे होते, म्हणजे फरक तेवढाच. नाश्त्याची वजावट मीच दाखवल्यामुळे पुढे केटररला माझा आकडा फुगवलेला आहे असे म्हणता आले नाही, हे मला या पत्राचे मोठे बळ वाटते.

पत्रात ठरलेली तारीख, वेळ, पाने आणि दर, त्या दिवशीचा घटनाक्रम, हा हिशेब आणि पैसे परत करण्यासाठी 15 दिवसांची मुदत एवढेच लिहिले. एकही अपशब्द वापरला नाही. सोबत बँकेची नोंद, रिकाम्या टेबलांची छायाचित्रे, संदेशाचे चित्र आणि बिलांच्या प्रती जोडल्या. स्पीड पोस्टाने गेलेले पाकीट ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत आले. मी ते न फोडता जपून ठेवले, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेले पत्र नाकारले तरी ते पोचले असे सहसा मानले जाते आणि तो शेरा हाच त्याचा पुरावा असतो. तेच पत्र व्हॉट्सॲपवरही पाठवले होते. त्याने ते वाचल्याची खूण आजही माझ्याकडे आहे.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी त्याने फोन करून 20,000 रुपये रोख देऊ केले, पण ‘आता काही येणे नाही’ अशा पावतीवर सही मागितली. मी नकार दिला आणि प्रस्ताव लेखी पाठवण्यास सांगितले. तो आलाच नाही. मग मडगावच्या दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. मनस्तापाचे 25,000 रुपये मी तिथे वेगळे मागितले होते.

आयोगाची नोटीस पोचल्यावर त्याचा सूर बदलला. एका खानावळीचे बिल साध्या कागदावर, क्रमांकाविना होते आणि त्यावर त्याने बराच वाद घातला. तेवढी एक बाजू माझी खरोखर लंगडी होती. अखेर मी मनस्तापाची मागणी सोडली आणि 69,500 रुपये दोन हप्त्यांत खात्यात देण्याची लेखी तडजोड आयोगापुढे नोंदवली गेली. 30,000 रुपये जुलैत आले आणि उरलेले 39,500 सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाले.