दोन सप्लायर, पण दाणा एकाच घरचा

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची बिजागरीवाली झाकणं काढणाऱ्या एका कारखान्याला महिन्याला २० टन प्लास्टिकचा दाणा लागायचा आणि तो सगळा एकाच वितरकाकडून यायचा. हे बरं नव्हे म्हणून दुसरा सप्लायर शोधला. त्याने दिलेला २ किलोचा नमुना चोख निघाला. ५०० किलोचे तीन ट्रायल लॉटही बिनबोभाट चालले. मग त्याच्याकडून महिन्याला ४ टन घ्यायचं ठरलं आणि पर्यायाचा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं.

काही महिन्यांनी दाणा बनवणाऱ्या कंपनीचा प्लांट दुरुस्तीसाठी बंद झाला. वितरकाने हात वर केले. दुसरा सप्लायर मात्र म्हणाला, "काळजी सोडा, दहा टन परवा टाकतो." माल वेळेवर आला, चढवला आणि तिसऱ्या दिवशी झाकणांच्या कडेला फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, दिसू लागली. आठवड्याभरात बिजागरी दोन-चार वेळा उघडझाप केली की तुटायला लागली.

चौकशीत कळलं ते असं. हा सप्लायर दाणा बनवत नव्हता. तोही बाजारातून त्याच कंपनीचा, त्याच ग्रेडचा माल उचलून पुढे विकत होता. त्यामुळे नमुना आणि ट्रायल चांगले निघणारच होते, कारण तो अस्सल प्राईम, म्हणजे कंपनीचा कोरा माल होता. कंपनी बंद पडली तेव्हा त्याच्याकडेही माल नव्हता. मग त्याने रिप्रोसेस दाणा, म्हणजे वापरलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला दाणा, आणि खडूची भर घातलेला दाणा मिसळून प्राईमच्या जुन्या पोत्यांत भरून पाठवला.

पोत्यावर खूण होती, फक्त कुणी पाहिली नाही. कंपनीतून आलेल्या पोत्याच्या तोंडावर शिलाईची एकच सरळ ओळ असते. उसवून पुन्हा शिवलेल्या पोत्यावर नव्या दोऱ्याच्या शेजारी जुन्या सुईची रिकामी भोकं राहतात. शिवाय ४०० पोत्यांवर सहा वेगवेगळे लॉट नंबर होते आणि सर्टिफिकेट एकाच लॉटचं होतं. त्यावर मेल्ट फ्लो, म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा, १२ लिहिला होता. २३० अंश आणि २.१६ किलो वजनावर मोजला तेव्हा तो १९ भरला. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा पुन्हा वितळवलं की त्याच्या साखळ्या तुटतात, ते जास्त पातळ वाहतं आणि ठिसूळ होतं. फ्लॅश आणि तुटकी बिजागरी, दोन्हीचं मूळ तिथे होतं.

गोडाऊनमध्ये दाणे पाण्यात टाकून बघायची पद्धत आहे: तरंगला तर चांगला. ती इथे फसली. पाण्याची घनता १ धरली तर शुद्ध दाण्याची ०.९०५ च्या आसपास असते. ५ टक्के खडू घातला तर ती ०.९३६ होते, म्हणजे दाणा तरीही तरंगतोच. बुडायला जवळपास १५ टक्के भर लागते, आणि एवढी भर घालण्याइतका मूर्ख भेसळ करणारा क्वचितच भेटतो. त्यापेक्षा झाकण तोलावं. त्याच मोल्डमधलं ४० ग्रॅमचं झाकण ४१.४ ग्रॅम भरलं, की २५ किलोच्या पोत्यातून ६२५ ऐवजी जेमतेम ६०४ झाकणं निघतात. पक्की खात्री राखेने होते. रंग न घातलेला १० ग्रॅम दाणा आधी धूर जाईल अशा जागी जाळून घ्यावा, मग ६०० अंशांच्या भट्टीत ठेवावा. शुद्ध दाण्याची राख नावापुरती उरते, ५ टक्के खडू असेल तर अर्धा ग्रॅम उरते. भट्टी ९०० अंशांवर नेली तर खडूतला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि तीच राख पाव ग्रॅमच्या आसपास दिसते. पांढरा रंग मिसळलेल्या मालावर ही चाचणी करू नये, कारण रंगाचीही राख उरते.

म्हणून दुसऱ्या सप्लायरला पहिला प्रश्न भावाचा नव्हे, "दाणा कुठल्या प्लांटचा?" हा विचारावा. उत्तर तेच आलं तर तो फक्त वितरक बुडाला तर कामाचा, प्लांट बंद पडला तर नाही. खरा पर्याय म्हणजे वेगळ्या प्लांटचा, आपल्या मोल्डवर आधीच चालवलेला ग्रेड; त्याचं सेटिंग आणि आकुंचन थोडं वेगळं असणार, तेही आधीच लिहून ठेवलेलं असावं. लॉट नंबर उत्पादकाकडून थेट पडताळावा. ट्रायल लॉट सप्लायरने निवडून पाठवलेला नसावा, नेहमीच्या मालातून न सांगता उचललेली पोती असावीत, आणि मंजूर दाण्याचं एक किलो सीलबंद जपून ठेवावं.

किती अवलंबून राहायचं हे टक्क्यांपेक्षा दिवसांनी मोजलेलं बरं. २० टन म्हणजे २५ कामाच्या दिवसांत रोज ८०० किलो. दुसरा १६० किलो देतोय, पूर्ण ८०० वर यायला त्याला १८ कामाचे दिवस लागतात. पहिला उद्या थांबला तर रोज ६४० किलोची तूट पडेल, १८ दिवसांत साडेअकरा टन, म्हणजे सुमारे ४६० पोती. एवढा साठा ठेवायला जागा किंवा पैसा नसेल तर दुसऱ्याचा वाटा वाढवावा: तो ३२० किलोवर नेला तर तूट ८.६ टनांवर येते. आणि तो खरोखर वाढीव माल देऊ शकतो का, हे एकदा महिनाभर ऑर्डर दुप्पट करून बघावं. त्या महिन्यात पोत्यांची शिलाई बदललेली दिसली, तर माल उतरवून घेऊ नये.