ओळखीचा दादा की अनोळखी ॲनालिस्ट?

माझी भाची बॉस्टनला डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस करते आहे, मे महिन्याच्या मध्याला संपेल. डिसेंबरच्या सुट्टीत ती कोथरूडला आली तेव्हा तिच्या वहीत, नोकरीसाठी कुणाशी बोलायचं याच्या दोन याद्या होत्या. एकीत तिच्या पुण्यातल्या कॉलेजचे, आता अमेरिकेत नोकरी करणारे सीनियर. दुसरीत तिला हव्या त्या कामावर असलेले, पण तिला अजिबात न ओळखणारे लोक. तिसरी यादी माझ्या बहिणीची, आणि तिच्यात एकच नाव: सोसायटीतल्या काकांचे साडू, न्यू जर्सीत व्हाइस प्रेसिडेंट.

साडूंचं लगेच निकालात निघालं. "सीव्ही पाठवून दे, बघतो" म्हणाले, आणि तो कुणाकडे तरी फॉरवर्ड झाला. नुसता सीव्ही सहसा असाच विरून जातो, कारण रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाने केलेली शिफारस, ठरावीक जागेच्या जॉब आयडीवर द्यावा लागतो. बऱ्याच कंपन्यांत तर उमेदवाराने स्वतः आधी अर्ज केला असेल तर नंतरचा रेफरल धरतच नाहीत. म्हणजे आधी बोलणं, मग रेफरल, मग अर्ज. आपल्याकडची मुलं नेमकी उलट्या क्रमाने जातात.

उरल्या दोन याद्या. सीनियर शोधणं सोपं: लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो, तिथे गाव आणि कंपनी निवडली की नावं येतात. "दादा, मी २०२२ची, आपल्याच डिपार्टमेंटची" एवढ्यावर उत्तर येतं. अनोळखी लोकांना तिने १४ मेसेज पाठवले, तिघांनी उत्तर दिलं. पण फरक उत्तरांच्या संख्येत नाही, कोण काय सांगू शकतं यात आहे.

सीनियरांपैकी एका दादाने जे सांगितलं ते कुठला अनोळखी माणूस सांगणार नाही. कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या ओपीटी या कामाच्या परवान्यात नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच काढता येतात. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि सुरुवातीची तारीख कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली निवडायची. त्याने कागदावर मांडायला लावलं: उशिरातली उशिरा तारीख जुलैच्या मध्यावर, तिथून ९० दिवस म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. पुढची २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ हवी तर कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. "स्टार्टअपची ऑफर आली की पहिलं ते विचार," दादा म्हणाला. तो स्वतः त्यात अडकला होता.

पण दादा तीन वर्षांपूर्वी लागला, तोही सॉफ्टवेअरमध्ये. ॲनालिस्टच्या मुलाखतीत आज काय विचारतात याबद्दल त्याचं सगळं ऐकीव. शिवाय आपुलकीची माणसं धीर फार देतात. "होऊन जाईल गं" हे वाक्य मी त्या एका कॉलमध्ये चारदा ऐकलं.

अनोळखी तिघांपैकी एक बाई दोन वर्षांपूर्वीच रुजू झालेली. रात्री साडेआठचा कॉल, म्हणजे बॉस्टनचे सकाळचे दहा. मेसेजमध्ये भाचीने तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: मी कोण, तुमच्या कामातलं नेमकं काय जाणून घ्यायचंय, आणि २० मिनिटं मिळतील का. "रिस्पेक्टेड मॅडम" मी खोडायला लावलं, तिथे पहिल्या नावानेच हाक मारतात. "गेल्या आठवड्यातला तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" असं विचारल्यावर बाई खुलली. मॉडेलिंग फारसं नाहीच, निम्मा वेळ एसक्यूएलमध्ये आणि उरलेला आकडे सेल्सवाल्यांना समजावण्यात. भाचीने त्या रात्री सीव्हीतला न्यूरल नेटवर्कचा प्रोजेक्ट खाली ढकलला.

आधीच्या एका कॉलमध्ये तिने सातव्या मिनिटाला "रेफर कराल का?" विचारलं होतं. समोरचा माणूस नम्रपणे बोलत राहिला, पण उत्तरं एकेका ओळीची झाली. हीच खूण. या वेळी ते विचारलंच नाही, "अजून कुणाशी बोलू?" एवढंच विचारलं आणि दोन नावं मिळाली. "तुमची कंपनी व्हिसा देते का?" हेही अनोळखी माणसाला विचारू नये, बहुतेकांना माहीत नसतं. यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची कंपनीवार माहिती खुली आहे, ती आधी पाहावी. मात्र कंपनीने पूर्वी अर्ज केले म्हणजे तुमच्या जागेसाठी करेलच असं नाही, ते शेवटी रिक्रूटरलाच विचारावं लागतं.

तर माझं मत असं: पहिले दोन-तीन कॉल दादा-ताईंशी, तारखांचा हिशेब पक्का होईपर्यंत. पुढचे सगळे अनोळखी, आणि तेही एक ते तीन वर्षं पुढे असलेले, डायरेक्टर नकोत. पण कोर्स संपून ओपीटीचे दिवस आधीच मोजले जात असतील तर हा क्रम विसरा. अनोळखी ओळख मुरायला महिने लागतात, तेव्हा दादालाच जॉब आयडी पाठवून सरळ रेफरल मागा.

बहिणीने साडूंना दिवाळीचा फराळ पाठवला होता. त्याची पोच मात्र आली.