पोटॅशियमची घाई, सोडियमची सबुरी

डायलिसिस चुकलेल्या रुग्णाचं पोटॅशियम 7.1 आहे. थायझाइड घेणाऱ्या आजींचं सोडियम 110 आहे, त्या गुंगीत बरळताहेत. दोघांच्या उपचारांचा वेग उलटा आहे.

वाढलेलं पोटॅशियम हृदयावर घाला घालतं. हातपाय लुळे पडू शकतात, पण अनेकदा लक्षणं नसतातच. म्हणून आधी ईसीजी. टी लहरी टोकदार झाल्या, क्यूआरएस रुंदावला, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नका. 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, 3 ते 5 मिनिटांत. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदय सावरतं. मग 10 युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि 25 ग्रॅम ग्लुकोज. हेही पोटॅशियमला फक्त पेशींत ढकलतं. शरीराबाहेर काढायला डायलिसिसच. पुढचे सहा तास साखर तपासत राहा, ती इथेच दगा देते.

आजींचा त्रास मेंदूच्या सुजेचा. फिटचा झटका आला तर 3 टक्के सलाइन 100 ते 150 मिली, 10 ते 20 मिनिटांत. सोडियम 4 ते 6 ने चढलं की बहुधा धोका टळतो, मग थांबायचं. 24 तासांत 8 च्या पुढे नको, नाहीतर काही दिवसांनी बोलणं, गिळणं जाऊ शकतं.

आणि विद्यार्थी हमखास विसरतात ते: आजींचं पोटॅशियमही 2.6 आहे. ते भरून दिलं की सोडियमही चढतं. शिवाय थायझाइड थांबल्यावर लघवी अचानक वाढली, तर सोडियम आपोआप उसळतं. म्हणून दर दोन-चार तासांनी सोडियम तपासा.