गॅदरिंगसाठी एकच मोठा स्पॉन्सर की पेठेतले डझनभर छोटे?

सांगलीतल्या कॉलेजांच्या गॅदरिंग कमिट्या दिवाळीची सुट्टी संपली की स्पॉन्सर शोधायला बाहेर पडतात. मग दरवर्षीचा प्रश्न समोर येतो. एखादी दुचाकी शोरूम किंवा मोठा क्लास गाठून ‘टायटल’ विकायचं, की गणपती पेठ, सराफ कट्टा, विश्रामबाग असं फिरत दहा-दहा हजार गोळा करायचे? दोन्ही मार्गांनी गॅदरिंग होतं, पण धोका, मेहनत आणि समोरच्याला द्यावं लागणारं यांत बराच फरक आहे.

हिशोब समोर ठेवूनच बोलू. समजा दोन दिवसांच्या महोत्सवाचा खर्च 1,80,000 रुपये आहे. कॉलेज 50,000 देतं, म्हणजे 1,30,000 बाहेरून आणायचे. यातला सगळ्यात हट्टी खर्च साउंड, लाइट आणि स्टेजचा. तो कमी करता येत नाही आणि त्याची उचल आधी द्यावी लागते.

स्पॉन्सर कुठलाही असो, पहिला प्रश्न प्रेक्षकांचाच विचारतो. मैदानावर 900 खुर्च्या आहेत आणि दोन्ही संध्याकाळी त्या भरतात, म्हणून पत्रात ‘1,800 प्रेक्षक’ असं लिहायचा मोह होतो. ते चूक आहे, कारण पहिल्या दिवशी आलेली बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशीही येतात. ‘रोज संध्याकाळी सुमारे 900, दोन दिवसांत मिळून वेगवेगळे सुमारे 1,200, बहुतेक 18 ते 22 वयोगटातले, शिवाय शेवटच्या दिवशी पालक’ असं लिहा. हा आकडा कुठून आला तेही एका ओळीत सांगा: पटसंख्या, गेल्या वर्षीची गेटवरची मोजणी आणि खुर्च्या. व्यापारी माणूस स्वतः मैदानावर येऊन एक नजर टाकतो. आकडा फुगवलेला असेल तर त्याला तिथेच कळतं आणि पुढच्या वर्षी तुमचं पत्र उघडलंही जात नाही.

आता हाच आकडा दोघांच्या बाजूने पाहा. टायटल स्पॉन्सरने 1,00,000 दिले तर त्याला प्रत्येक प्रेक्षकामागे सुमारे 83 रुपये पडतात. दहा हजार देणाऱ्या दुकानदाराला आठ रुपयांच्या आसपास. 83 रुपये मोजणाऱ्याला नुसतं नाव झळकून भागत नाही, त्याला चौकशीला येणारी गिऱ्हाइकं हवी असतात. म्हणून टायटलसाठी असाच व्यवसाय गाठावा जिथे थोडीच गिऱ्हाइकं मिळाली तरी पैसे वसूल होतात: स्पर्धा परीक्षांचे क्लास, परदेशी शिक्षणाचे सल्लागार, दुचाकी शोरूम. आइस्क्रीमवाल्याकडे एक लाख मागायला जाऊ नये, त्याचा धंदा त्या हिशोबाचा नाही.

मोठा स्पॉन्सर बदल्यात काय मागतो, तेही आधीच ओळखून ठेवा. गेटवर कमान, स्टेजच्या मागच्या पडद्यावर सर्वांत मोठं नाव, निवेदकाकडून दर तासाला उल्लेख, स्टॉल, आणि त्याच्या धंद्यातला दुसरा कोणी नको ही अट. शेवटची अट महागात पडते, कारण एका क्लासला टायटल दिलं की विश्रामबागेतले बाकीचे सगळे क्लास तुमच्यासाठी बंद. काही जण मुलांच्या मोबाइल नंबरांची यादी मागतात. ती देऊ नका, मुलांनी नंबर कॉलेजला दिलेत, क्लासला नाही. त्याऐवजी स्टॉलवर क्यूआर कोड लावू द्या, ज्याला रस आहे तो स्वतःच नाव नोंदवेल.

खरी अडचण वेळेची आहे. शोरूमचा मालक सांगलीत असला तरी मंजुरी पुष्कळदा कंपनीच्या पुणे-मुंबईच्या ऑफिसातून येते आणि त्यात आठवडे जातात. ‘करू की, बघतो’ हा होकार नव्हे. लेखी पत्र आणि निम्मी रक्कम आगाऊ, हे दोन्ही हातात येईपर्यंत कमानीवर नाव छापायला देऊ नये. लाखाचा टायटल आठवडाभर आधी मागे फिरला तर 1,80,000 चा कार्यक्रम उभाच राहत नाही.

छोट्यांच्या बाजूने पाहिलं तर तेरा जणांकडून दहा-दहा हजार आले की रक्कम पूर्ण होते आणि एखादा गळाला तरी स्टेज उभं राहतं. पण तेरा होकारांसाठी तीस-पस्तीस दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तेही दोन-तीनदा. दुकानदार दुपारी निवांत असतो, संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत पत्र पुढे केलं तर ते गल्ल्याखालीच जातं. शिवाय पडद्यावर तेरा नावं दाटीवाटीने बसवली की एकही वाचता येत नाही. म्हणून छोट्यांना पडद्यावर जागा विकूच नये. प्रत्येकाला एकेक वेगळी गोष्ट द्यावी: एका सराफाच्या हस्ते समूहनृत्याची ट्रॉफी, एका चष्मेवाल्याचं नाव स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर, एका कॅफेला खाऊगल्लीतला स्टॉल, मिरजेच्या एखाद्या तंतुवाद्य कारागिराचं नाव गायन स्पर्धेला. स्वतःच्या हाताने बक्षीस दिल्याचा फोटो दुकानात लागतो आणि पुढच्या वर्षी तो माणूस ओळख दाखवतो.

पावतीवर ‘देणगी’ लिहू नका. नाव झळकवण्याचे पैसे घेताय तर ‘प्रायोजकत्व’ लिहा, म्हणजे त्याला ते जाहिरात खर्चात दाखवता येतात. दहा हजारांच्या वरची रक्कम रोखीने दिली तर आयकरात तो खर्च सहसा धरला जात नाही, त्यामुळे चेक किंवा बँक ट्रान्सफरच मागा. कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर जीएसटीचं कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला आधी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर हजार-बाराशे प्रेक्षकांच्या गॅदरिंगने लाखाच्या टायटलमागे लागू नये. 50,000 चा एक मुख्य प्रायोजक आणि दहा-दहा हजारांचे आठ जण, झाले 1,30,000. मुख्य प्रायोजकाला सुमारे 42 रुपये डोक्यामागे पडतात, त्यामुळे त्याच्या अटीही सौम्य राहतात. तो फिरला तर पाहुण्या कलाकाराची संध्याकाळ रद्द करून बाकी सगळं पार पडतं. पाच हजार विद्यार्थी असलेलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेणारं कॉलेज असेल तर गणित उलटं होतं, तिथे टायटलच शोधावं.

संपर्काची ओळ दोन्ही पत्रांत सारखीच, आणि बहुतेक पत्रं इथेच ढिली पडतात. सहा मुलांचे सहा नंबर दिले की दुकानदार एकालाही फोन करत नाही. शेवटचा परिच्छेद असा ठेवा:

‘आपला निर्णय कृपया 20 डिसेंबरपर्यंत कळवावा. चौकशीसाठी विद्यार्थी प्रतिनिधी (नाव, एकच मोबाइल नंबर, दुपारी 12 ते 5). पत्र व पावतीसाठी सांस्कृतिक विभागप्रमुख (नाव, कॉलेजचा ई-मेल). रक्कम केवळ कॉलेजच्या नावे असलेल्या खात्यात स्वीकारली जाईल.’

पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांकासह आणि प्राचार्यांच्या सहीचं असावं. रक्कम कुठल्याही मुलाच्या यूपीआयवर घेऊ नये, दुकानदाराची पहिली शंका तिथेच येते.

आणि महोत्सवाला तीनच आठवडे उरले असतील तर शोरूमचा नाद सोडा. तेवढ्यात वरच्या ऑफिसची मंजुरी येत नाही. तीस-पस्तीस दुकानांची यादी करा आणि उद्या दुपारी पेठेत जा.