तक्रार म्हणून सही केली, निघाली कबुली

दुबईत अल कुसैसमध्ये आम्ही वन बीएचके घेऊन राहत होतो. भाडं वर्षाला ४८,००० दिरहम, १२,००० चे चार चेक आधीच सह्या करून दिलेले, आणि डिपॉझिट ५ टक्के म्हणजे २,४००. करार १ फेब्रुवारी २०२२ ते ३१ जानेवारी २०२३. हे आकडे आणि तारखा मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे फसवणूक नेमकी यांच्याच जोरावर झाली.

नोव्हेंबरात बाथरूमच्या फॉल्स सीलिंगला चहाच्या रंगाचा डाग पडला आणि आठवड्याभरात तिथून थेंब गळायला लागले. सकाळी साडेसहाला वरच्या मजल्यावर शॉवर सुरू झाला की पाच-दहा मिनिटांनी आमच्याकडे टपटप सुरू. वरचे लोक आठ दिवस गावी गेले तेव्हा छत खडखडीत कोरडं. म्हणजे पाणी एसीचं नव्हतं. एसीची ड्रेन लाइन तुंबली असती तर एसी चालू असेल तेव्हा गळलं असतं, आणि सतत दाबाखाली असलेली पाण्याची पाइप फुटली असती तर चोवीस तास गळलं असतं. इथे गळत होता वरच्या न्हाणीचा निचरा. बायको रोज बादलीसकट फोटो काढायची आणि मी ते इमारत सांभाळणाऱ्या रिअल इस्टेट ऑफिसला व्हॉट्सॲपवर पाठवायचो. दोन निळ्या टिका यायच्या, माणूस यायचा नाही. खालचा नातूर (वॉचमनला तिकडे नातूरच म्हणतात) रोज सांगायचा, "बोल दिया है साब."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या ऑफिसातला एक माणूस घरी आला. हिंदी अस्खलित, वागायला गोड. छत बघितलं, जीभ चुकचुकली आणि म्हणाला, "भाईसाब, मालिक अरबी है, व्हॉट्सॲप नहीं देखता. अरबी में लिखित शिकायत दो, दो दिन में प्लंबर आएगा." कागद तो स्वतः टायपिंग सेंटरवरून करून आणणार होता, १५० दिरहम. मला तर उपकारच वाटले. दुसऱ्या दिवशी तो पानभर अरबी मजकुराच्या दोन प्रती घेऊन आला. मी विचारलं काय लिहिलंय, तर बोट फिरवत म्हणाला, इथे तुमचं नाव, इथे फ्लॅट नंबर, इथे पाणी गळतंय, इथे दुरुस्ती करून द्या. मी दोन्हींवर सही केली आणि एमिरेट्स आयडीची झेरॉक्स जोडली. त्याने दोन्ही प्रती उचलल्या. "स्टॅम्प लगा के एक वापस देता हूँ." ती प्रत कधीच परत आली नाही. मी मोबाइलवर घाईत काढलेला एक तिरपा फोटो तेवढा राहिला.

त्या पानावर एका ओळीत मला ३० सारखं काही दिसलं होतं, पुढे दोन टिंबं. वाटलं, तारीख असेल. आता माहीत झालंय, अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब. तीन तेवढा आपल्या तीनच्या बराच जवळचा. माझ्या मराठी डोळ्यांनी जे "३०.." वाचलं ते होतं ३,५००.

प्लंबर आला नाहीच. जानेवारीच्या मध्यावर करार नूतनीकरणाचं विचारायला ऑफिसात गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडून तोच कागद समोर ठेवला. "आपण ३१ तारखेला खाली करताय ना? दुरुस्तीचे ३,५०० बाकी आहेत, डिपॉझिट त्यात वळतं करून उरलेले ११०० भरा." मी म्हटलं, अहो बाई, ही माझी तक्रार आहे. त्यांनी शांतपणे कागदाच्या शीर्षकावर पेन टेकवलं.

संध्याकाळी मोबाइलमधला तो फोटो आमच्या ऑफिसातल्या सुदानी सहकाऱ्याला दाखवला. आम्ही सगळे त्यांना उस्ताज म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत एकेक ओळ सांगायला सुरुवात केली. शीर्षकात "शकवा" म्हणजे तक्रार हा शब्दच नव्हता. तिथे होतं "इकरार व तअह्हुद": कबुली आणि हमी. खाली लिहिलेलं की पाण्याची गळती भाडेकरूच्या "सू इस्तिख्दाम"मुळे, म्हणजे गैरवापरामुळे झाली. दुरुस्तीचे ३,५०० दिरहम "अला नफकत अल-मुस्तअजिर", म्हणजे भाडेकरूच्या खर्चाने. आणि करार संपताच, कोणत्याही नोटिशीची गरज न ठेवता, "इख्ला", म्हणजे जागा खाली करणं.

उस्ताजनी कागदावर दोन शब्द शेजारी-शेजारी लिहून दाखवले. "मुअज्जिर" म्हणजे भाड्याने देणारा, "मुस्तअजिर" म्हणजे भाड्याने घेणारा. धातू तोच, उच्चारही जवळपास तसाच. पण लिहिताना भाडेकरूच्या शब्दात सुरुवातीच्या गाठीनंतर करवतीसारखे बारीक दात येतात आणि त्यांतल्या शेवटच्या दातावर दोन टिंबं असतात. मालकाच्या शब्दात दात नाहीत, तिथे ओळीखाली उतरणारा हूक आहे. अक्षरओळख नसलेला माणूसही तेवढं पाहू शकतो. खर्चाच्या ओळीत दात दिसले, की खर्च तुमचा. माझ्या कागदात तर दातच दात होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला कायदा वाचल्यावर कळलं. दुबईच्या २००७ च्या भाडे कायद्यातलं, म्हणजे कायदा क्रमांक २६ मधलं, कलम १६ सांगतं की कराराच्या मुदतीत जागेची देखभाल-दुरुस्ती मालकाची, "उभयतांत वेगळं ठरलं नसेल तर". माझी सही म्हणजे ते वेगळं ठरणं. दुसरं म्हणजे, नूतनीकरणाच्या वेळी भाडं वाढवायचं तर करार संपायच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं. ती मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टळली होती. वाढही मनाला येईल तेवढी नाही. २०१३ च्या फर्मानाने टप्पे ठरवून दिलेत, आणि भाडं बाजारभावापेक्षा कितीही कमी असलं तरी एका वेळी २० टक्क्यांवर जाता येत नाही. मुदत संपल्यावर भाडेकरूला काढायचं तर कायद्यातल्या मोजक्या कारणांपैकी एक हवं, आणि नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस. भाडी तेव्हा भराभर चढत होती. जुना भाडेकरू म्हणजे मालकाच्या गळ्यातलं लोढणं. तो आपण होऊन "मी जातो" असं लिहून देत असेल तर नोटीस नको, कारण नको, टप्पे नकोत. छताच्या डागाने त्यांना माझ्या सहीपर्यंत पोचायची वाट करून दिली, एवढंच.

दुबईच्याच देरा भागातल्या रेंटल डिस्प्युट्स सेंटरमध्ये दावा लावावा असं मनात होतं. फी वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, म्हणजे मला १,६८०. कामकाज अरबीत, त्यामुळे इंग्रजी-हिंदी पुराव्यांचं परवानाधारक भाषांतरकाराकडून शिक्क्यासह भाषांतर, तो खर्च वेगळा. शिवाय ओळखीच्या वकिलाने तोंडावर सांगितलं, "सही तुमचीच आहे ना? मग मला वाचता येत नव्हतं, हे सिद्ध तुम्हीच करायचं." अरबी न येणाऱ्याने अरबी कागदावर सही करणं हा तिथे रोजचाच प्रकार, नुसतं "कळलं नाही" म्हणून सुटका होत नाही.

थोडंफार वाचवलं ते एका व्हॉइस नोटने. सहीच्या आदल्या रात्री त्या माणसाने पाठवलेली: "भाईसाब, शिकायत का कागज बन गया, कल साइन कर देना." शिकायत का कागज! नोव्हेंबरपासूनचे तारखेसह फोटो आणि ही नोट घेऊन मी ऑफिसच्या मुदीरसमोर, म्हणजे मॅनेजरसमोर, बसलो. एकदा ऐकल्यावर त्याने दार लावून घेतलं. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर ११०० ची मागणी सुटली. डिपॉझिट मात्र गेलं आणि जागाही सोडावी लागली, कारण शाळेच्या मधल्या सत्रात कोर्टकचेरी करायची तयारी घरात कोणाचीच नव्हती. मी आणखी भांडायला हवं होतं, असं आजही अधूनमधून वाटतं.

नंतर उस्ताजनी खरं तक्रारपत्र कसं असतं ते लिहून दिलं. ते मी जपून ठेवलंय. वर तारीख, मग मालकाचं नाव आणि त्यापुढे "अल-मुहतरम". "तहय्या तय्यिबा व बअद" हा ठरलेला नमस्कार. मग "अल-मौदूअ", म्हणजे विषय: "शकवा बिशअन तसर्रुब मियाह मिन सक्फ अल-हम्माम", बाथरूमच्या छतातून पाणी गळण्याबाबत तक्रार. मजकुरात फक्त काय दिसतं, कधीपासून, आधी कोणत्या तारखांना कळवलं आणि किती दिवसांत दुरुस्ती हवी. कारण लिहायचं नाही. कारण शोधणं मालकाच्या प्लंबरचं काम. शेवटी "मअ हिफ्ज काफ्फत हुकूकी", माझे सर्व हक्क राखून, आणि मग आदरपूर्वक समारोप. "तअह्हुद", "इकरार", "तनाजुल" (हक्क सोडणं) आणि "इख्ला" यांतला एकही शब्द तक्रारीत येण्याचं कारण नाही. पानाच्या अर्ध्या भागात इंग्रजी आणि अर्ध्यात अरबी, असं एकाच कागदावर करायचं, म्हणजे दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ताडून बघता येतात. टायपिंग समोरच्या पार्टीच्या माणसाकडून नाही, आपण निवडलेल्या सेंटरमधून करायचं आणि सहीआधी तिसऱ्याच कुणाकडून वाचून घ्यायचं. पोचेचा शिक्का असलेली प्रत आपल्या हातात आल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर सरळ रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं.

घर सोडून दोन-तीन आठवडे झाले असतील, बायकोने मोबाइल पुढे केला. आमचाच फ्लॅट जाहिरातीत, भाडं ६०,०००. बाथरूमचाही फोटो होता. छताच्या त्या कोपऱ्यात रंगाचा नवा पांढराशुभ्र चौकोन, आणि त्याच्या कडेने चहाच्या रंगाची बारीक रेघ पुन्हा उमटायला लागलेली.